कॉलेज तक्रारीवर ढिम्म हलत नाही, पुढं विद्यापीठात कुणाकडं जायचं? की थेट यूजीसी?

शाहूपुरी_सहावी_गल्ली
मंडळी, अडलंय म्हणून धागा काढतोय. धाकट्या बहिणीनं कोल्हापुरातल्याच एका विनाअनुदानित कॉलेजात बीसीएसला ऍडमिशन घेतली होती. ४२,००० फी आणि १,००० अनामत एकदम भरून घेतली, वर बारावीचं मूळ मार्कशीट आणि एलसी ऑफिसात ठेवून घेतली. नंतर कॅप राऊंडला तिला सांगलीत इंजिनिअरिंगला सीट लागली म्हणून २२ ऑगस्टला इथला प्रवेश रद्द करायचा लेखी अर्ज दिला. आता ऑफिसवाले म्हणतात तीन वर्षांची फी भरा मग कागद न्या, आणि भरलेली फी परत मिळणार नाही, प्रॉस्पेक्टसमध्ये तसं छापलंय. प्राचार्यांना भेटलो, अर्ज दिला, ते म्हणाले बघतो, संस्थेला विचारतो. त्यानंतर काहीच नाही. तिकडं सांगलीच्या कॉलेजनं हमीपत्रावर प्रवेश दिलाय पण मूळ कागद लवकर आणा म्हणून रोज मेसेज येतोय. पोरगी रडकुंडीला आलीय. आता कॉलेजच्या वर नक्की कुणाकडं जायचं? विद्यापीठात जाऊ का सरळ दिल्लीला यूजीसीकडं?

पन्हाळ्याचं_धुकं
भावा सरळ यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर टाक, सोबत केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स तक्रार पोर्टलवर पण टाक. वरून फोन आला की हे सगळे गप गुमान कागद देतात. विद्यापीठात वगैरे जाऊ नको, सगळी एकमेकांच्या ओळखीची असतात तिथं.

मिसळ_कट्टा
पन्हाळ्याचं धुकं, वरून फोन येत नाही हो. माझ्या चुलतभावानं टाकली होती तक्रार ई-समाधानवर, ती विद्यापीठाकडं गेली, विद्यापीठानं कॉलेजला पाठवली, कॉलेजनं लिहून दिलं की "विद्यार्थ्याला नियम समजावून सांगितले आहेत" आणि पोर्टलवर तक्रार निकाली. एवढंच झालं.

पन्हाळ्याचं_धुकं
मग त्यानं पाठपुरावा केला नसेल.

कृष्णाकाठ
मी एका कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, जयसिंगपूरला असते. शेवटची काही वर्षं तक्रार समितीची इतिवृत्तं लिहायचं काम माझ्याकडंच होतं, त्यामुळं टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते.

मिसळ कट्टा म्हणतात तसंच होतं. दिल्लीत कुणी तुमची फाईल उघडून निर्णय देत बसत नाही, तक्रार ज्याच्या हद्दीत आहे त्याच्याकडं ती खाली पाठवली जाते. खाली आल्यावर पहिला प्रश्न हा की कॉलेजच्या समितीपुढं गेला होता का, आणि तिथं बहुतेकांकडं दाखवायला काही नसतं. शाहूपुरी, तुम्ही अर्ज दिलाय तो प्राचार्यांना. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांत प्राचार्य ही तक्रारीची पायरीच नाही. पायरी आहे विद्यार्थी तक्रार निवारण समिती, जी प्रत्येक कॉलेजात असायलाच पाहिजे, एक प्राध्यापक अध्यक्ष आणि चार ज्येष्ठ प्राध्यापक सदस्य, त्यात किमान एक बाई आणि किमान एक जण मागासवर्गीय. या समितीनं शक्यतो कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्याची प्रत विद्यार्थ्याला द्यायची. तो निर्णय पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडं अपील. तुमच्या प्रश्नाचं उत्तर लोकपाल हेच आहे, पण तिथं जायचं दार या समितीतून जातं.

म्हणून आज एवढंच करा, नवीन अर्ज लिहा. "प्रति, अध्यक्ष, विद्यार्थी तक्रार निवारण समिती" असंच वर लिहायचं, प्राचार्यांचं नाव "मार्फत" म्हणून. बहिणीच्या सहीनं, तुमच्या नाही. आवक खिडकीवर दोन प्रती न्यायच्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय हलायचं नाही. क्लार्क म्हणेल ठेवून जा, साहेब आले की सही करतो. ठेवून यायचं नाही.

शाहूपुरी_सहावी_गल्ली
ताई, मनापासून आभार. आवक नंबरचं डोक्यातच आलं नव्हतं. पण त्या कॉलेजात अशी समिती आहे की नाही हेच कुणाला माहीत नाही, नोटीस बोर्डवर काही नाही.

कृष्णाकाठ
वेबसाईटवर बघा. समितीची आणि लोकपालाची माहिती वेबसाईटवर आणि प्रॉस्पेक्टसमध्ये ठळक द्यायची असं नियमातच आहे. नसेल तर त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढं अपिलाला जोडायला उपयोगी येतो. आणि समिती नसली तरी अर्ज तिच्याच नावानं द्या. आवक शिक्का बसला की समिती शोधायची जबाबदारी त्यांची. आमच्याकडं एकदा असाच अर्ज आला आणि दुसऱ्या दिवशी घाईघाईनं समितीचा आदेश टाईप झाला होता.

गारगोटी_एसटी
माझं पण असंच हाय. सेम ४ ला एका विषयात ३ मार्कांनी गेलो, पेपर झकास लिहिला होता. रिव्हॅल्युएशन केलं, नो चेंज. तर लोकपालाकडं गेलो तर पेपर परत तपासून मिळंल काय?

कृष्णाकाठ
नाही मिळणार. नुसतं परत तपासा म्हटलं तर लोकपाल ते अपील घेतच नाहीत, नियमात स्पष्ट लिहिलंय. निकालावर परिणाम झालाय अशी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवता आला तरच. तुमच्याकडं उत्तरपत्रिकेची झेरॉक्स आहे का?

गारगोटी_एसटी
न्हाई काढली.

कृष्णाकाठ
मग मुदत असेल तर आधी ती मागवा. पुरवणी मोजलीच नाही, एका उत्तराला मार्कच दिलेले नाहीत, बेरीज चुकली असं काही डोळ्यांना दिसलं तर ती अनियमितता झाली. "झकास लिहिला होता" ही नाही. आणि बेरजेची चूक असेल तर लोकपालापर्यंत जावं पण लागत नाही, परीक्षा विभागात झेरॉक्स दाखवून दुरुस्त होते.

राजारामपुरी_सर
मी अशाच एका विनाअनुदानित तुकडीवर शिकवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये. ऑगस्टच्या शेवटी कॅपचे राऊंड लागले की आमची निम्मी पोरं इंजिनिअरिंगला आणि फार्मसीला जातात. त्या जागा परत भरत नाहीत. तासावर शिकवणाऱ्या सीएचबीवाल्यांचा पगार याच फीमधून निघतो, तोही वर्ष-वर्ष रखडतो. सगळी फी परत द्या म्हणणाऱ्यांनी हा पण विचार करावा. तीन वर्षांची फी मागणं मात्र चूकच, त्याचं समर्थन मी करत नाही.

मिसळ_कट्टा
सर, पगार रखडतो तो संस्थेमुळं, पोरीच्या मार्कशीटमुळं नाही.

राजारामपुरी_सर
मार्कशीट अडवू नये हे मलाही मान्य आहे. फीबद्दल बोलतोय.

कृष्णाकाठ
सरांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, आणि त्याचा विचार नियमात झालेला आहे. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेत टप्पे ठरवून दिलेत. प्रवेशाची जी शेवटची तारीख जाहीर झाली तिच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण फी, त्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून फार तर ५ टक्के आणि तेही ५,००० च्या आत कापता येतं. शेवटच्या १५ दिवसांत केलं तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांच्या आत केलं तर ८०, त्यापुढं ३० दिवसांपर्यंत ५०, आणि त्यानंतर काही नाही. म्हणजे उशीर केला तर कॉलेजचं नुकसान विद्यार्थ्यानं थोडं सोसायचं, पण कॉलेजनं सगळीच फी गिळायची नाही. अनामत तर पूर्णच परत.

शाहूपुरी, शेवटची तारीख काय होती तुमच्याकडं?

शाहूपुरी_सहावी_गल्ली
कॉलेजच्या प्रवेशाच्या नोटिसीवर १४ ऑगस्ट आहे, फोटो काढलेला आहे. आम्ही २२ ला अर्ज दिला. म्हणजे ८ दिवसांनी.

कृष्णाकाठ
मग ८० टक्क्यांत बसता. ४२,००० चे ३३,६०० आणि अनामतीचे १,०००, एकूण ३४,६००. हाच आकडा अर्जात लिहा. "फी परत मिळावी" असं मोघम लिहिलं की समिती पण मोघम उत्तर देते, "नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल", आणि त्यावर अपिलात भांडायला काही हाताला लागत नाही. लेखी अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत परतावा द्यायचा हे पण त्याच अधिसूचनेत आहे, ते वाक्य घाला.

पन्हाळ्याचं_धुकं
अहो पण ८० कशाला मागताय? ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केलं तर पूर्ण फी परत, असं यूजीसीचं पत्र आहे, मी स्वतः वाचलंय. ३१ ऑक्टोबरपर्यंत फक्त १,००० कापायचे.

कृष्णाकाठ
ते पत्र २०२४-२५ सालासाठी होतं. ही पत्रं त्या त्या वर्षापुरती असतात, तुमच्या वर्षाचं काढलेलं असेल तरच त्याचा आधार घ्या. असेल तर उत्तमच, आकडा वाढवून मागा. नसेल तर २०१८ चे टप्पे आहेतच. जुन्या वर्षाचं पत्र जोडलं की कॉलेजला आयतं कारण मिळतं सगळा अर्जच चुकीचा म्हणायला.

उजळाईवाडी_रनवे
एक शंका. यात विद्यापीठाची पण समिती असते ना मध्ये? माझ्या माहितीप्रमाणं आधी कॉलेज समिती, मग विद्यापीठ समिती, मग लोकपाल. आम्ही विभागात होतो तेव्हा अशाच पायऱ्या शिकवल्या होत्या.

कृष्णाकाठ
ते २०१९ च्या नियमातलं. तेव्हा विभागाची, संस्थेची, कॉलेजची, विद्यापीठाची अशा वेगवेगळ्या समित्या होत्या. एप्रिल २०२३ मध्ये नवीन नियम आले आणि एकच समिती ठेवली, तिच्यावर थेट लोकपाल. बऱ्याच कॉलेजांच्या वेबसाईटवर अजून जुनंच पान आहे, त्यामुळं घोळ होतो. कुणी सांगितलं आधी विद्यापीठ समितीकडं जाऊन या, तर तसं लेखी मागा.

वकील_भवानी_मंडप
ताईंनी सगळं नीट सांगितलंय, मी दोन गोष्टी जोडतो कारण माझ्याकडं अशी प्रकरणं उशिरा येतात आणि ती नेहमी तारखेवर अडकलेली असतात.

समितीला १५ दिवस दिलेत ते कामकाजाचे. म्हणजे रविवार, गणपती, सगळ्या सुट्ट्या वगळून, त्यात सहज तीन आठवडे जातात. विद्यार्थ्याला अपिलासाठी १५ दिवस आहेत त्यात "कामकाजाचे" हा शब्द नाही. निर्णय हातात पडल्यापासून सरळ मोजायचे. लोकांना वाटतं दोन्हीकडं सारखंच, आणि दिवाळीच्या सुट्टीत मुदत संपून जाते. म्हणून निर्णय कधी मिळाला याचा पुरावा ठेवा, पोस्टानं आला तर पाकीट फेकू नका, ईमेल असेल तर तो तसाच ठेवा, हातात दिला तर पोच देताना सहीखाली तारीख घाला. मागची तारीख टाकलेलं पत्र आठवड्यानं हातात देणं हा प्रकार मी पाहिलाय.

दुसरं, ऑनलाईन पोर्टलवरून तक्रार दिली तर ती आधी संस्थेकडं जाते आणि संस्थेला ती आपल्या अभिप्रायासह समितीकडं पाठवायला १५ दिवस मिळतात. मग समितीचे दिवस सुरू. तुमच्यासारखी घाई असेल तर खिडकीवर जाऊन द्या.

शाहूपुरी_सहावी_गल्ली
वकील साहेब, हिशोब केला तर समितीचे तीन आठवडे, मग अपील, मग लोकपालाचे किती?

वकील_भवानी_मंडप
अपील मिळाल्यापासून ३० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करायचा असं आहे. प्रयत्न हा शब्द लक्षात ठेवा. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी अडीच-तीन महिने धरा.

शाहूपुरी_सहावी_गल्ली
मग सांगलीची सीट जाईल की हो. तिकडचे एवढं थांबणार नाहीत.

कृष्णाकाठ
म्हणूनच दोन अर्ज वेगळे करा. एक फक्त कागदपत्रांचा, एक फक्त फीचा. दोन्ही एकाच कागदावर लिहिलं की समिती म्हणते फीचा विषय संस्थेच्या बैठकीत ठेवू, आणि त्याच्यामागं मार्कशीट पण अडकून पडतं. कागदपत्रांच्या बाबतीत कॉलेजला बोलायला तोंडच नाही. मूळ प्रमाणपत्रं तपासून लगेच परत द्यायची, साक्षांकित प्रती ठेवायच्या, हे २०१८ च्या अधिसूचनेत आहे, आणि जो कोर्स करायचाच नाही त्याच्या फीसाठी कागद अडवणं ही २०२३ च्या नियमातल्या तक्रारीच्या व्याख्येतच नाव घेऊन लिहिलेली गोष्ट आहे. पुढच्या वर्षांची फी आगाऊ मागायला पण बंदी आहे. या अर्जात एवढंच लिहा:

"मी दि. २२ ऑगस्ट रोजी प्रवेश रद्द केला आहे. माझे इयत्ता बारावीचे मूळ गुणपत्रक व शाळा सोडल्याचा दाखला महाविद्यालयाने पुढील वर्षांच्या फीसाठी रोखून धरला आहे. नवीन प्रवेशासाठी मूळ कागदपत्रे तातडीने सादर करायची असल्याने ती ७ दिवसांत परत मिळावीत. फी परताव्याबाबत स्वतंत्र अर्ज केला आहे."

सांगलीच्या कॉलेजचा मेसेज प्रिंट काढून जोडा. आणि या आवक शिक्क्याच्या प्रतीची एक झेरॉक्स सांगलीला पण द्या, प्रकरण चालू आहे हे दिसलं की बहुतेक जण थोडी मुदत वाढवून देतात.

वकील_भवानी_मंडप
इथं मी थोडा असहमत. दोन अर्ज म्हणजे दोन निर्णय, दोन अपिलं, दोन मुदती. सामान्य माणूस गोंधळतो. एकाच अर्जात "तातडीची मागणी" असं वेगळं शीर्षक करून लिहिता येतं.

कृष्णाकाठ
कागदावर तुमचं बरोबर आहे वकील साहेब. पण मी त्या बैठकीत बसलेय. एका अर्जाला एकच ठराव होतो आणि तो नेहमी सगळ्यात अवघड मागणीच्या वेगानं चालतो.

तांबडा_पांढरा
माझी स्कॉलरशिप महाडीबीटीवर मंजूर होऊन पण कॉलेज म्हणतंय पैसे आले नाहीत, तोवर रिझल्ट देणार नाही. हे पण लोकपालाकडं चालतं काय?

उजळाईवाडी_रनवे
शिष्यवृत्ती न देणं किंवा उशीर करणं हे तक्रारीत येतं. पण पैसे नक्की कुठं अडकलेत ते आधी बघा, महाडीबीटीच्या लॉगिनमध्ये हप्ता कुठल्या खात्यात गेला ते दिसतं. सरकारकडंच थकले असतील तर लोकपाल काय करणार. रिझल्ट अडवलाय त्याची मात्र तक्रार करा.

रंकाळा_चौपाटी
विषय सोडून विचारतो, विद्यापीठात जायचं असेल तर मेन बिल्डिंगला गाडी आत सोडतात का आता? मागं गेटवर अडवलं होतं.

मिसळ_कट्टा
हेल्मेट घालून जा, सोडतात. आणि जेवायच्या सुट्टीच्या आधी पोच, नाहीतर मोरांचे फोटो काढत बसावं लागतंय.

पन्हाळ्याचं_धुकं
बरं मान्य, पायऱ्या पाळू. पण समितीनं बैठकच घेतली नाही तर? तीन आठवडे गेले, उत्तर नाही, मग निर्णयच नाही तर अपील कशावर करायचं? हीच तर खरी युक्ती आहे त्यांची.

कृष्णाकाठ
हा प्रश्न बरोबर विचारलात. नियमात असं आहे की समितीनं मुदतीत न सोडवलेली तक्रार विद्यापीठ लोकपालाकडं पाठवू शकतं. म्हणून मी म्हणते, मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी कुलसचिवांच्या नावानं एक पानाचं पत्र, सोबत आवक शिक्क्याची प्रत, आणि विनंती एवढीच की प्रकरण लोकपालांकडं पाठवावं. एक प्रत लोकपालांच्या ईमेलवर.

वकील_भवानी_मंडप
आणि मी म्हणतो सरळ लोकपालांकडंच अपील दाखल करा, निर्णय न देणं हाच निर्णय धरून. "पाठवू शकतं" म्हणजे विद्यापीठावर बंधन नाही, तिथं पत्र पडून राहिलं तर तुम्ही काय करणार?

कृष्णाकाठ
आणि लोकपालांच्या कार्यालयानं "समितीचा निर्णय जोडलेला नाही" म्हणून परत केलं तर?

वकील_भवानी_मंडप
परत केल्याचं लेखी मिळालं तरी ते पुढं कोर्टात कामाला येतं.

मिसळ_कट्टा
तुम्हा दोघांचं भांडण मिटेपर्यंत त्यानं दोन्ही करावं असं मला वाटतं.

राजारामपुरी_सर
लोकपालांनी आदेश दिला आणि संस्थेनं पाळलाच नाही तर? आमच्या संस्थाचालकांना ओळखतो म्हणून विचारतो.

वकील_भवानी_मंडप
लोकपाल म्हणजे कोर्ट नव्हे, जप्ती आणून पैसे वसूल करून देत नाहीत. आदेश पाळला नाही तर ते यूजीसीला कळवतात. यूजीसी अनुदान रोखू शकते, १२ बी ची मान्यता म्हणजे अनुदानाची पात्रता काढू शकते, वेबसाईटवर जाहीर करू शकते, आणि विद्यापीठाला संलग्नता काढायची शिफारस करू शकते. आता ज्या कॉलेजला अनुदानच नाही त्याला अनुदान रोखायची काय भीती. त्याला टोचतं ते संलग्नतेचं, कारण दर काही वर्षांनी नूतनीकरणाला विद्यापीठाची समिती येते आणि तेव्हा ही फाईल टेबलावर असते. म्हणून अपिलाची प्रत विद्यापीठाच्या संलग्नता विभागाला पण द्यायची.

तरीही नाही पाळलं तर उच्च न्यायालय, रिट. पूर्वी या पायरीला लोक थांबायचे कारण मुंबईच्या फेऱ्या परवडत नव्हत्या. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात, सीपीआर दवाखान्यासमोर आहे. ३४,६०० साठी रिट करा असं मी म्हणणार नाही, खर्च त्याहून जास्त होईल. पण मूळ कागद अडवून सीट जात असेल तर मात्र ते थांबायचं प्रकरण नाही, तिथं लोकपालाची वाट न बघता पण जाता येतं, निकड दाखवावी लागते.

उजळाईवाडी_रनवे
आणि ग्राहक मंच?

वकील_भवानी_मंडप
तिथं कॉलेजचा वकील पहिलाच मुद्दा काढतो की शिक्षण ही ग्राहक सेवा होत नाही, आणि त्यांच्या बाजूनं सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. मूळ विषयावर बोलायच्या आधीच वर्ष जातं.

गारगोटी_एसटी
ताई झेरॉक्सची मुदत हाय अजून. अर्ज टाकला.

शाहूपुरी_सहावी_गल्ली
बऱ्याच दिवसांनी लिहितोय, काय झालं ते सांगतो. ताईंनी सांगितलं तसे दोन अर्ज दिले. क्लार्कनं आधी शिक्का द्यायला नकार दिला, म्हणाला समितीच्या नावानं आवक करत नाही, प्राचार्यांच्या नावानं आणा. बहीण तिथंच बाकावर बसली आणि म्हणाली नकार लिहून द्या. थोड्या वेळानं आतून कुणीतरी येऊन शिक्का मारायला सांगितलं. कागदपत्रांच्या अर्जावर समितीनं बोलावलं सुद्धा नाही, दुसऱ्याच आठवड्यात फोन आला, मार्कशीट आणि एलसी घेऊन जा. देताना एका छापील कागदावर सही मागत होते, "माझी महाविद्यालयाविरुद्ध कोणतीही तक्रार नाही". तिनं ती ओळ खोडून "दोन मूळ कागदपत्रे मिळाली, फी परताव्याचा अर्ज प्रलंबित" असं लिहून सही केली. सांगलीला कागद जमा झाले, सीट वाचली. तुम्हा सगळ्यांचे लई उपकार.

फीचं मात्र अडलंय. समितीनं सुनावणी घेतली आणि लेखी दिलं की प्रॉस्पेक्टसमधल्या अटीवर विद्यार्थिनीची सही आहे म्हणून परतावा देय नाही. ते पत्र हातात पडलं त्याच आठवड्यात लोकपालांकडं अपील केलंय, एक प्रत संलग्नता विभागाला.

वकील_भवानी_मंडप
उत्तम. अपिलात एवढं आलंय ना, की प्रॉस्पेक्टसची अट यूजीसीच्या अधिसूचनेच्या विरुद्ध असेल तर ती सही घेऊन पण चालत नाही?

शाहूपुरी_सहावी_गल्ली
होय, ते पहिलंच घातलंय. अधिसूचनेचं ते पान पण जोडलंय.

राजारामपुरी_सर
कागद मिळाले हे वाचून बरं वाटलं. ती छापील सही आमच्याकडं पण घेतात. पुढच्या बैठकीत मी हा विषय काढणार आहे.

पन्हाळ्याचं_धुकं
तरी पण मी म्हणतो ई-समाधानवर टाकून ठेव, नुकसान काय.

कृष्णाकाठ
आता टाकलं तरी चालेल, फक्त अपील दाखल आहे हे त्यात लिहा, तारखेसकट. लपवलं तर दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगितल्यासारखं दिसतं.

शाहूपुरी_सहावी_गल्ली
ताई एक शेवटचं. लोकपालांकडं सुनावणीची तारीख लागली आणि त्या दिवशी तिची सांगलीला परीक्षा असली तर तिच्याऐवजी मी गेलो तर चालतं का?

कृष्णाकाठ
चालतं. स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत बाजू मांडता येते. तिच्या सहीचं अधिकारपत्र, तुमचं ओळखपत्र आणि सगळ्या मूळ पोचा घेऊन जा. आणि प्रॉस्पेक्टस पूर्ण न्या, नुसतं ते पान नको. आमच्याकडं एकदा परताव्याची अट एका पानावर आणि "विद्यापीठ व यूजीसीचे नियम लागू राहतील" ही ओळ शेवटच्या पानावर होती, आणि निकाल त्या शेवटच्या पानावर लागला होता.

शाहूपुरी_सहावी_गल्ली
आत्ता उघडून बघितलं. आहे ती ओळ, पान ३१ वर, फीच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात. उद्याच पुरवणी अर्जानं जोडतो.